गिऱ्हाईक गप्प, मोबदला अडकला!

भाषांतर, चित्रे काढणे, हिशेब लिहिणे, पुस्तकांची मांडणी करणे अशी कामे घरबसल्या करून परदेशी ग्राहकांकडून चार पैसे मिळवणारी माणसे आता अनेक कुटुंबांत आढळतात. काम करणारी व्यक्ती इंदूर, बेळगाव किंवा बडोद्यात असते आणि काम देणारा कॅनडात. दोघांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नसते. अशा व्यवहारात आधी काम की आधी पैसे, हा प्रश्न हमखास येतो. आधी पैसे दिले आणि काम झालेच नाही तर ग्राहक बुडणार, आधी काम दिले आणि पैसे आलेच नाहीत तर काम करणारा बुडणार.

यावर कामे मिळवून देणाऱ्या प्लॅटफॉर्मनी जो तोडगा काढला आहे त्याला एस्क्रो म्हणतात. कल्पना तशी जुनीच आहे. दोघांच्याही विश्वासातल्या तिसऱ्या माणसाकडे रक्कम ठेवायची, काम पुरे झाले की त्याने ती काम करणाऱ्याच्या हाती द्यायची. इथे हा तिसरा माणूस म्हणजे तो प्लॅटफॉर्म. ग्राहकाने काम सुरू होण्यापूर्वीच रक्कम त्याच्याकडे भरलेली असते, म्हणून काम करणाराही निश्चिंत मनाने कामाला लागतो.

अडचण उभी राहते ती काम पाठवल्यानंतर. ग्राहक 'छान झाले' म्हणत नाही, 'हे बदला' असेही सांगत नाही. तो नुसता गप्प बसतो. निरोपांना उत्तर येत नाही, दिवस उलटत जातात आणि रक्कम पडद्यावर दिसत असूनही हाती येत नाही. अशा वेळी काय करायचे?

मौनाचा अर्थ कोण लावणार?

'मौनं संमतिलक्षणम्' असे आपल्याकडे म्हणतात. गप्प बसला म्हणजे त्याला मान्य आहे, असे समजायचे. काही प्लॅटफॉर्मनी नेमका हाच नियम आपल्या करारात लिहून ठेवला आहे. अपवर्क या प्लॅटफॉर्मवर ठरावीक रकमेचे काम असेल, तर काम सादर झाल्यापासून ग्राहकाला तपासणीसाठी १४ दिवस मिळतात. तेवढ्या दिवसांत त्याने पसंती दिली नाही आणि दुरुस्तीही मागितली नाही, तर एस्क्रोमधील रक्कम आपोआप मोकळी होते. त्यानंतर सुरक्षिततेसाठी ५ दिवस ती थांबवली जाते आणि मग बँकेत काढून घेता येते. फायव्हरवर काम सोपवल्यानंतर ग्राहक ३ दिवस काहीच बोलला नाही, तर काम पूर्ण झाले असे धरले जाते, पण रक्कम हाती येण्यासाठी त्यानंतरही काही दिवस थांबावे लागते.

पण सगळीकडे हा नियम नाही. फ्रीलान्सर डॉट कॉमवर कामाच्या टप्प्याची रक्कम ग्राहकाने स्वतः मोकळी करायची असते. तो गप्प बसला म्हणून ती आपोआप सुटत नाही. तिथे काम करणाऱ्याने आधी रक्कम मागायची आणि तरीही हालचाल झाली नाही, तर रीतसर वाद दाखल करायचा. म्हणून आपला प्लॅटफॉर्म मौनाचा अर्थ कसा लावतो, हे काम स्वीकारण्यापूर्वीच त्याच्या नियमांत वाचून ठेवायला हवे.

घड्याळ कधी सुरू होते?

जिथे मुदतीचा नियम आहे तिथेही पुष्कळांची रक्कम अडकते आणि त्याचे कारण बहुधा एकच असते. मुदत मोजणारे घड्याळ सुरूच झालेले नसते. समजा, इंदूरच्या एका गृहिणीने अशाच १४ दिवसांचा नियम असलेल्या प्लॅटफॉर्मवर एक काम घेतले. स्वयंपाकघरातल्या यंत्रांच्या माहितीपुस्तिकेचे इंग्रजीतून मराठीत भाषांतर, एकूण १२,००० शब्द. कामाचे दोन टप्पे ठरले. प्रत्येक टप्प्यात ६,००० शब्द आणि प्रत्येकी १२० डॉलर. पहिला टप्पा झाला, पैसेही आले. ग्राहकाने दुसऱ्या टप्प्याची रक्कम २ जूनला एस्क्रोमध्ये भरली.

तिने ५ जूनला दुसरा टप्पा पूर्ण केला आणि फाइल निरोपाच्या खिडकीतून ग्राहकाला पाठवली. ग्राहकाने त्याच दिवशी 'फाइल मिळाली, शनिवारी-रविवारी बघतो' असे कळवले. त्यानंतर मात्र त्याचा पत्ता नाही. तिने दोनदा आठवण करून दिली. मनाशी हिशेब केला, ५ अधिक १४ म्हणजे १९ जून. मुदत संपली, पण रक्कम हलली नाही. तेव्हा २० जूनला तिने प्लॅटफॉर्मच्या मदत विभागाला लिहिले. उत्तर आले, 'आमच्या नोंदीत या टप्प्याचे काम सादर झालेले नाही.'

ती चक्रावली. फाइल तर ग्राहकाच्या हाती होती आणि तसे त्याने लिहूनही दिले होते! पण फाइल पाठवणे वेगळे आणि काम सादर करणे वेगळे. कराराच्या पानावर त्यासाठी खास बटण असते. अपवर्कवर ते Submit Work for Payment या नावाचे आहे. ते दाबून, त्यासोबत फाइल जोडून काम सादर केले की त्या क्षणापासून १४ दिवस मोजले जातात. निरोपातून किंवा ई-मेलने गेलेली फाइल हे घड्याळ सुरू करत नाही, मग ग्राहकाने पोच दिलेली असो वा नसो.

तिने त्याच दिवशी, २० जूनला रात्री ८ वाजता, रीतसर काम सादर केले. म्हणजे मुदत संपणार ४ जुलैला रात्री ८ वाजता. एका बटणापायी तिचे १५ दिवस गेले. तरी वेळेत लक्षात आले हेच बरे. हे बटण न दाबता महिनोन्महिने वाट पाहणाऱ्यांच्या मुदतीचा पहिला दिवससुद्धा उगवलेला नसतो.

घड्याळ पुन्हा मागे फिरते तेव्हा

दुसरी गोष्ट ध्यानात ठेवायची ती दुरुस्तीच्या मागणीची. ग्राहकाने मुदतीत दुरुस्ती मागण्याचे बटण दाबले की चालू घड्याळ थांबते. काम करणाऱ्याने दुरुस्त काम पुन्हा सादर केले की नव्याने १४ दिवस सुरू होतात. पुष्कळदा ग्राहक हे बटण दाबतो, एखादी ओळ लिहितो आणि गप्प होतो. त्याची सूचना ई-मेलने येते, पण ती इतर पत्रांच्या ढिगात दबून जाते. इकडे काम करणारी व्यक्ती ग्राहक गप्प आहे असे समजून दिवस मोजत बसते. खरे तर आता चेंडू तिच्याच अंगणात असतो. म्हणून मुदत उलटूनही रक्कम सुटली नाही, तर कराराच्या पानावर त्या टप्प्यापुढे काय लिहिले आहे ते आधी पाहावे. 'तपासणी सुरू' आणि 'दुरुस्ती मागितली' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मागितलेली दुरुस्ती ठरलेल्या कामाच्या कक्षेतील असेल, तर ती करून पुन्हा सादर करावी. ती कक्षेबाहेरची असेल, म्हणजे भाषांतर ठरले असताना आता चित्रेही काढून मागितली असतील, तर मूळ करारातील ओळ दाखवून तेच काम पुन्हा सादर करावे आणि नव्या कामासाठी नवा टप्पा मागावा. नुसते 'पुढच्या आठवड्यात बघतो, जरा थांबा' अशा निरोपाने मात्र घड्याळ थांबत नाही. ग्राहकाला सौजन्याने उत्तर जरूर द्यावे, पण मुदत चालूच राहते.

इथे आणखी एक धोका आहे. मौनाचा नियम दोन्ही बाजूंना लागू होतो. ग्राहक करार संपवून एस्क्रोतील रक्कम परत मागू शकतो. अपवर्कवर अशा मागणीला उत्तर देण्यासाठी काम करणाऱ्याला ७ दिवस मिळतात. या ७ दिवसांत त्याने होकार किंवा नकार काहीच कळवले नाही, तर रक्कम ग्राहकाकडे परत जाते. लग्नकार्य, प्रवास किंवा आजारपण यात आठवडा सहज निघून जातो. म्हणून एस्क्रोमध्ये रक्कम अडकलेली असताना दर दोन दिवसांनी कराराचे पान एकदा उघडून पाहण्याची सवय ठेवलेली बरी.

मागणीचे पत्र कसे लिहावे?

आता पुन्हा इंदूरकडे वळू. ४ जुलैची रात्र उलटली. प्लॅटफॉर्मची वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेनुसार चालते आणि ती आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे असते. म्हणून तारखेबाबत घोळ नको या विचाराने तिने आणखी एक दिवस जाऊ दिला. ६ जुलैच्या सकाळीही टप्प्यापुढे 'तपासणी सुरू' असेच दिसत होते. दुरुस्तीची मागणी नव्हती, परताव्याचीही नव्हती. आता प्लॅटफॉर्मला लिहिण्याची वेळ आली होती.

अशा पत्रात पुष्कळजण आपली व्यथा मांडतात. किती रात्री जागून काम केले, पैशाची किती निकड आहे, ग्राहक कसा वाईट निघाला, हे सगळे लिहितात. मदत विभागातील माणसाला त्याचा उपयोग नसतो. ग्राहकाच्या मनात काय होते याचा निवाडा तो करत नाही. नोंदी नियमात बसतात की नाही, एवढेच तो पाहतो. त्यामुळे पत्र त्या नोंदींचेच असावे. इंग्रजीतच लिहावे लागते, पण साधे इंग्रजी पुरते. इंदूरच्या गृहिणीच्या पत्राचा आशय असा होता:

'करार क्रमांक अमुक, टप्पा दुसरा, रक्कम १२० डॉलर. ही रक्कम ग्राहकाने २ जूनला एस्क्रोमध्ये भरली आहे. मी २० जूनला कराराच्या पानावरून काम सादर केले. सोबत ६,००० शब्दांच्या भाषांतराची फाइल जोडली होती. १४ दिवसांची तपासणीची मुदत ४ जुलैला संपली. या काळात ग्राहकाने पसंती दिली नाही, दुरुस्ती मागितली नाही आणि परतावाही मागितला नाही. मी २४ आणि ३० जूनला त्याला निरोप पाठवले, उत्तर आले नाही. आपल्या नियमानुसार ही रक्कम मोकळी करावी. ती अडवून ठेवण्याचे काही कारण असेल, तर ते आणि मला काय करायचे आहे ते कृपया लेखी कळवावे.'

या पत्रात एकही विशेषण नाही. कोणत्या करारातील कोणती रक्कम, ती केव्हा भरली, काम केव्हा सादर झाले आणि मुदत केव्हा संपली, एवढे चार मुद्दे तारखांसह आले आहेत. शेवटचे वाक्यही विचारपूर्वक लिहिलेले आहे. रक्कम कधीकधी ग्राहकाच्या नव्हे, तर प्लॅटफॉर्मच्याच कारणाने अडलेली असते. ग्राहकाच्या कार्डाची पडताळणी चालू असेल, त्याचे खाते गोठवले असेल किंवा काम करणाऱ्याचीच ओळखपत्रे तपासायची राहिली असतील. कारण लेखी मागितले की 'थोडी वाट पाहा' अशा मोघम उत्तरावर विषय संपत नाही.

पत्रासोबत तिने तीन चित्रे जोडली. टप्प्याची रक्कम भरल्याचे दाखवणारे पान, काम सादर झाल्याची तारखेसह नोंद आणि ग्राहकाला पाठवलेले दोन निरोप. ही पाने पडद्यावर दिसतात तशीच, तारखा कापल्या जाणार नाहीत अशी घ्यावीत. निरोपही प्लॅटफॉर्मच्याच खिडकीतले असावेत. व्हॉट्सअ‍ॅपवरचे बोलणे प्लॅटफॉर्मला तपासता येत नाही, त्यामुळे त्याला फारसे वजन मिळत नाही.

८ जुलैला उत्तर आले. नोंदी तपासून रक्कम मोकळी केल्याचे त्यात लिहिले होते. ५ दिवसांच्या थांब्यानंतर १३ जुलैला, प्लॅटफॉर्मचे शुल्क वजा जाऊन उरलेली रक्कम बँकेकडे वळवता आली.

एस्क्रोच्याही मर्यादा आहेत

प्रत्येक पत्राला असे उत्तर येतेच असे नाही. प्लॅटफॉर्म मोकळी करू शकतो ती फक्त त्याच्याकडे जमा असलेली रक्कम. २४० डॉलरचे काम ठरले, पण एस्क्रोमध्ये १२० डॉलरच भरलेले असले, तर उरलेल्या १२० डॉलरसाठी प्लॅटफॉर्मच्या हाती काही नसते. 'तुम्ही सुरू करा, रक्कम उद्या भरतो' असे म्हणणाऱ्या ग्राहकाच्या बाबतीत म्हणूनच सावध राहायचे. टप्प्यापुढे रक्कम भरल्याची खूण दिसेपर्यंत त्या टप्प्याचे काम हाती घेऊ नये. मोठे काम असेल तर त्याचे लहान टप्पे पाडून घ्यावेत. म्हणजे ग्राहक मध्येच गप्प झाला, तरी अडकते ती एका टप्प्याची रक्कम.

रक्कम मोकळी झाली म्हणजे विषय कायमचा संपला असेही नाही. अपवर्कवर ग्राहकाला रक्कम सुटल्यानंतरही ३० दिवसांपर्यंत वाद उपस्थित करता येतो. तेव्हा कामाच्या फाइल, निरोप आणि पडद्यावरची पाने निदान तोपर्यंत पुसून टाकू नयेत. वाद झालाच, तर प्लॅटफॉर्मचा माणूस आधी दोघांत समेट घडवून पाहतो. तो जमला नाही तर लवादाचा मार्ग असतो. पण त्याला वेगळा खर्च येतो आणि १२० डॉलरसारख्या रकमेसाठी तो सहसा परवडत नाही. लहान रकमेच्या बाबतीत खरी भिस्त म्हणून नोंदींवरच असते.

अर्धवट काम सादर करून १४ दिवस गुपचूप काढण्याचा मोहही काहींना होतो. ग्राहक गप्प आहे, त्याला काय कळणार, असा हिशेब असतो. हा प्रकार नियमबाह्य आहे. तो उघडकीस आला की रक्कम तर जातेच, खातेही बंद होऊ शकते. ज्या मौनाच्या आधारे पैसे मागायचे, त्यामागे पुरे झालेले काम असले पाहिजे.

पैसे सोडवण्यासाठी पैसे?

अडकलेल्या रकमेची चिंता लागलेला माणूस ठगांच्या जाळ्यात पटकन सापडतो. प्लॅटफॉर्मसारखेच नाव आणि चिन्ह असलेले एखादे पत्र येते, 'तुमची एस्क्रोतील रक्कम तयार आहे, ती सोडवण्यासाठी ३० डॉलर अनामत भरा.' कधी कर म्हणून, कधी पडताळणी शुल्क म्हणून मागणी होते. एकदा भरले की दुसरी मागणी येते. प्लॅटफॉर्मचे शुल्क मिळणाऱ्या रकमेतून कापले जाते किंवा खात्याच्या हिशेबात दिसते. आपलीच रक्कम सोडवण्यासाठी कोणा अनोळखी खात्यात किंवा दुव्यावर पैसे भरण्याची मागणी झाली, तर ती फसवणूक समजावी. असे पत्र आले तर त्यातल्या दुव्याला हात न लावता, नेहमीप्रमाणे प्लॅटफॉर्मचे स्वतःचे पान उघडून रकमेची स्थिती पाहावी. तिथे त्या मागणीचा मागमूस नसेल, तर पत्र खोटे आहे.

गप्प झालेला ग्राहकच कधी महिन्याभराने उगवतो आणि 'इथली रक्कम मला परत कर, मी तुला थेट पैसे पाठवतो, शुल्क वाचेल' असे सुचवतो. असे केले की एस्क्रोतील रक्कम त्याच्याकडे जाते आणि थेट येणाऱ्या पैशाची हमी कुणाकडेच उरत नाही. शिवाय प्लॅटफॉर्मबाहेर व्यवहार केल्याबद्दल खाते बंद पडू शकते ते वेगळेच.

एका वहीत किंवा संगणकावरच्या तक्त्यात प्रत्येक टप्प्यासाठी चार तारखा लिहून ठेवायच्या. रक्कम भरली ती तारीख, काम बटण दाबून सादर केले ती तारीख, मुदत संपण्याची तारीख आणि रक्कम बँकेत येण्याची अपेक्षित तारीख. तिसरी तारीख उलटून एक दिवस गेला की कराराचे पान पाहायचे आणि रक्कम हललेली नसेल तर त्याच दिवशी पत्र लिहायचे. पत्राचा मजकूर या वहीतच तयार असतो.